गोण्यांचं उलटं कोष्टक

निफाडजवळ माझ्या मामांची शेती आहे. गेल्या रब्बीत गव्हाच्या पेरणीआधी ते खताच्या दुकानातून फोनवर म्हणाले, "अरे, इथं आज तीनच खतं आहेत. युरिया, बारा-बत्तीस-सोळा आणि दहा-सव्वीस-सव्वीस. एकरी कुठलं किती घेऊ, ते सांग."

वरवर साध्या दिसणाऱ्या या प्रश्नात तीन अज्ञातांची तीन समीकरणं दडलेली आहेत. दहावीच्या बीजगणितात आपण x आणि y अशा दोन अज्ञातांची एकसामयिक समीकरणं सोडवतो. तिसरं अज्ञात आलं की तीच रीत लांबत जाते, आणि एका वजाबाकीत चिन्ह चुकलं की सगळं पुन्हा करावं लागतं. एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये हे काम एका ओळीत होतं. ती ओळ लिहिणं सोपं आहे. ती आतून काय करते आणि तिच्या उत्तरावर कधी विश्वास ठेवायचा नाही, हे कळणं जास्त मोलाचं आहे. मामांच्या गव्हाच्याच उदाहरणाने ते पाहू.

गोणीवरचे तीन आकडे

खताच्या गोणीवरचे तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचं शेकडा प्रमाण. बारा-बत्तीस-सोळाच्या १०० किलोत १२ किलो नत्र, ३२ किलो स्फुरद आणि १६ किलो पालाश मिळतं. दहा-सव्वीस-सव्वीसचं तसंच. युरियात ४६ टक्के नत्र असतं, बाकी दोन्ही शून्य.

बागायती गव्हासाठी हेक्टरी १२०:६०:४० ही मात्रा धरली, तर एकरी ४८ किलो नत्र, २४ किलो स्फुरद आणि १६ किलो पालाश लागतं. आता प्रत्येक अन्नद्रव्याचा वेगळा हिशेब मांडायचा. स्फुरदाचं पाहा. बारा-बत्तीस-सोळाच्या प्रत्येक किलोतून ०.३२ किलो येणार, दहा-सव्वीस-सव्वीसच्या प्रत्येक किलोतून ०.२६ किलो येणार, युरियातून काहीच नाही, आणि बेरीज २४ झाली पाहिजे. हे झालं एक समीकरण. पालाशाचं दुसरं आणि नत्राचं तिसरं. युरियाचे किलो x, बारा-बत्तीस-सोळाचे y आणि दहा-सव्वीस-सव्वीसचे z धरले, तर तिन्ही अशी दिसतात:

```
0.46x + 0.12y + 0.10z = 48
0.00x + 0.32y + 0.26z = 24
0.00x + 0.16y + 0.26z = 16
```

अडचण अशी की स्फुरद आणि पालाश दोन्ही दोन्ही मिश्रखतांतून येतात. एक वाढवलं की दोन्ही अन्नद्रव्यं हलतात, आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या नत्रामुळे युरियाही बदलतो. एकेक खत वेगळं काढून "स्फुरद यातून, पालाश त्यातून" असा हिशेब इथे चालत नाही. तिन्ही आकडे एकाच वेळी जुळवावे लागतात.

शीटमध्ये मांडणी

कोरी शीट उघडा. पहिल्या ओळीत खतांची नावं: B1 मध्ये युरिया, C1 मध्ये बारा-बत्तीस-सोळा, D1 मध्ये दहा-सव्वीस-सव्वीस. A2, A3 आणि A4 मध्ये नत्र, स्फुरद, पालाश. मग B2 पासून D4 पर्यंतच्या नऊ चौकोनांत गोणीवरचे आकडे, आणि F2 ते F4 मध्ये पिकाची गरज:

```
        B      C      D           F
2     0.46   0.12   0.10         48
3     0      0.32   0.26         24
4     0      0.16   0.26         16
```

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे मथळ्यात 12:32:16 असं टाइप केलं की शीट त्याला खत समजत नाही, घड्याळाची वेळ समजते. बारा वाजून बत्तीस मिनिटं सोळा सेकंद! चौकोनात दिसायला आकडे तसेच दिसतात, आत मात्र दिवसाचा अपूर्णांक साठवला जातो. म्हणून नाव अक्षरांत लिहा, किंवा आधी ' हे चिन्ह देऊन मग आकडे लिहा.

दुसरी चूक जास्त महागात पडते. युरियात स्फुरद नाही म्हणून B3 आणि B4 मोकळे सोडावेसे वाटतात. तसं करू नका. एक्सेलचं MINVERSE मोकळा चौकोन दिसला की #VALUE! अशी तक्रार करतं. "नाही" हेसुद्धा शून्य लिहून सांगावं लागतं.

तिसरी चूक शेकड्याची. 0.46 ऐवजी 46 लिहिलं तर सूत्र तक्रार करणार नाही, पण सगळी उत्तरं शंभरपट लहान येतील. एकरभर गव्हाला एक किलोही युरिया लागत नाही असं उत्तर आलं, तर चूक इथे शोधा.

भागाकाराऐवजी उलट

समजा दुकानात फक्त युरिया आहे आणि ४६ किलो नत्र हवं आहे. ०.४६ ला कितीने गुणलं की ४६ येतात? आपण ४६ ला ०.४६ ने भागतो आणि १०० किलो म्हणतो. हेच दुसऱ्या शब्दांत असं मांडता येईल: ०.४६ चा व्यस्त, म्हणजे १ भागिले ०.४६, हा २.१७३९ येतो. एक किलो नत्रासाठी २.१७३९ किलो युरिया. मग गरज कितीही असो, तिला या आकड्याने गुणायचं.

तीन खतं असली की ०.४६ च्या जागी नऊ आकड्यांचं कोष्टक येतं. गणितात त्याला आव्यूह म्हणतात. कोष्टकाने भागण्याची क्रिया गणितात नाही, पण कोष्टकाचा व्यस्त काढता येतो. हा व्यस्त म्हणजे असं दुसरं कोष्टक, की मूळ कोष्टकाशी त्याचा गुणाकार केला की तिरक्या रेषेत १, १, १ आणि बाकी सगळीकडे शून्य उरतं. MINVERSE हे कोष्टक काढून देतं. सूत्र असं:

```
=MINVERSE(B2:D4)
```

गूगल शीट्समध्ये आणि एक्सेलच्या नव्या आवृत्तीत हे एका मोकळ्या चौकोनात लिहून Enter दाबलं की उत्तर आपोआप तीन ओळी आणि तीन स्तंभांत पसरतं. एक्सेल २०१९ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत मात्र आधी तीन बाय तीन चौकोन निवडायचे, मग सूत्र लिहायचं आणि Ctrl+Shift+Enter या तिन्ही कळा एकत्र दाबायच्या. सूत्राभोवती महिरपी कंस आपोआप दिसले की काम झालं असं समजा. नुसतं Enter दाबलं तर एकच आकडा दिसतो, आणि उरलेले कुठे गेले हे पटकन कळत नाही.

आपल्या तीन गोण्यांचं उलटं कोष्टक असं येतं (आकडे चार दशांश स्थळांपर्यंत):

```
 2.1739   -0.7943   -0.0418
 0         6.2500   -6.2500
 0        -3.8462    7.6923
```

वरच्या डाव्या कोपऱ्यातला २.१७३९ ओळखीचा वाटेल. मघाचाच एक किलो नत्रामागचा युरिया. बाकीचे आकडेही त्याच जातीचे आहेत. ते काय सांगतात, ते थोडं पुढे पाहू. आधी उत्तर काढू.

MMULT कसा गुणतो

MMULT दोन कोष्टकांचा गुणाकार करतं. त्याची रीत आडवी-उभी आहे. पहिल्या कोष्टकाची आडवी ओळ घ्यायची, दुसऱ्याचा उभा स्तंभ घ्यायचा, जोडीजोडीने गुणायचं आणि बेरीज करायची. उलट्या कोष्टकाची पहिली ओळ आणि गरजेचा स्तंभ घेऊ. २.१७३९ गुणिले ४८ म्हणजे १०४.३५. त्यातून ०.७९४३ गुणिले २४, म्हणजे १९.०६ वजा करू. आणखी ०.०४१८ गुणिले १६, म्हणजे ०.६७ वजा करू. उरले ८४.६२. हा युरिया.

या वजाबाकीला अर्थ आहे. नुसत्या युरियातूनच नत्र द्यायचं असतं तर १०४ किलो लागला असता. मिश्रखतांतून थोडं नत्र आधीच येणार, तेवढा युरिया कमी झाला.

दोन्ही सूत्रं एकात घालून H2 मध्ये लिहा:

```
=MMULT(MINVERSE(B2:D4),F2:F4)
```

H2, H3 आणि H4 मध्ये ८४.६२, ५० आणि ३०.७७ येतात. म्हणजे एकरी ८४.६२ किलो युरिया, बारा-बत्तीस-सोळाची ५० किलोची बरोबर एक गोणी, आणि दहा-सव्वीस-सव्वीस पाऊण गोणीला थोडं कमी. युरियाची गोणी ४५ किलोची असते, म्हणजे तो दोन गोण्यांना जरा कमी.

सूत्रातला क्रम उलटा करू नका. साध्या गुणाकारात तीन पंचे आणि पाच त्रिक सारखंच, पण कोष्टकांत तसं नाही. पहिल्या कोष्टकाचे स्तंभ जितके, तितक्याच दुसऱ्याच्या ओळी लागतात. गरजेचा स्तंभ आधी लिहिला तर त्यात एकच स्तंभ आणि समोर तीन ओळी, म्हणून #VALUE! येतं. गरज आडव्या ओळीत मांडली असेल तरी हेच होतं. आणि नव्या एक्सेलमध्ये H3 किंवा H4 मध्ये आधीच काही लिहिलेलं असेल, तर उत्तराला पसरायला जागा मिळत नाही आणि #SPILL! दिसतं. ते चौकोन मोकळे केले की उत्तर पसरतं.

आता ताळा. आलेल्या किलोंना मूळ कोष्टकाने गुणून गरज परत मिळते का ते पाहायचं:

```
=MMULT(B2:D4,H2:H4)
```

४८, २४, १६ परत आले की सोडवणूक बरोबर. गोणीवरचा आकडाच चुकीचा टाइप केला असेल तर हा ताळा तो पकडणार नाही, कारण त्याच चुकीच्या आकड्यावर तोही उभा आहे. म्हणून नऊ आकडे गोणीशी एकदा डोळ्यांनी पडताळा.

कोष्टक गोण्यांचं, शेताचं नाही

इतकं झाल्यावर मामांनी विचारलं, "आणि वरच्या तुकड्याचं? तिथल्या माती परीक्षणात स्फुरद कमी निघालंय. आणि कांद्याचं?"

या प्रश्नापाशी या पद्धतीची खरी ताकद कळते. MINVERSE मध्ये फक्त गोण्यांचे आकडे जातात. पीक गहू की कांदा, माती हलकी की भारी, याचा त्या कोष्टकाशी संबंध नाही. गोण्या त्याच असतील तर उलटं कोष्टकही तेच. हाताने सोडवताना प्रत्येक शेतासाठी सगळी रीत पहिल्यापासून करावी लागते. इथे गरजेचे स्तंभ एकाशेजारी एक मांडायचे, एवढंच.

आधीची उत्तरं पुसून F मध्ये खालच्या तुकड्याचा गहू, G मध्ये वरच्या तुकड्याचा गहू आणि H मध्ये कांदा घेतला. वरच्या तुकड्याला स्फुरद पावपट वाढवून ४८, ३०, १६ धरलं. कांद्याला हेक्टरी १००:५०:५० म्हणजे एकरी ४०, २०, २०. मग J2 मध्ये:

```
=MMULT(MINVERSE(B2:D4),F2:H4)
```

नऊ उत्तरं एकदम आली. पहिला स्तंभ मघाचाच. वरच्या तुकड्याला ७९.८५ किलो युरिया, ८७.५ किलो बारा-बत्तीस-सोळा आणि ७.६९ किलो दहा-सव्वीस-सव्वीस. कांद्याला ७०.२३ किलो युरिया, बारा-बत्तीस-सोळा शून्य, दहा-सव्वीस-सव्वीस ७६.९२ किलो.

आता मघाचं उलटं कोष्टक पुन्हा काढा आणि त्याचा मधला स्तंभ वरून खाली वाचा: उणे ०.७९४३, ६.२५, उणे ३.८४६२. हा स्तंभ स्फुरदाचा आहे. नत्र आणि पालाश आहे तेवढंच ठेवून स्फुरद एक किलोने वाढवायचं असेल, तर बारा-बत्तीस-सोळा सव्वासहा किलो वाढवा, दहा-सव्वीस-सव्वीस ३.८५ किलो कमी करा आणि युरिया ०.७९ किलो कमी करा. वरच्या तुकड्याला स्फुरद सहा किलो जास्त होतं. सहा गुणिले सव्वासहा म्हणजे साडेसदतीस. ५० मध्ये ते मिळवले की साडेसत्त्याऐंशी. शीटने दिलेला आकडा हाच.

म्हणून MINVERSE सूत्राच्या पोटात लपवण्याआधी एकदा तरी वेगळं काढून पाहावं. शेतकऱ्याला रोज पडणारा प्रश्न "थोडं वाढवलं तर काय बदलेल" हाच असतो, आणि त्याचं उत्तर त्या नऊ आकड्यांत तयार लिहिलेलं असतं.

उणे एक किलो खत

मामांच्या मित्राची जळगावकडे केळी आहे. त्यांच्यासाठीही हीच शीट वापरून पाहिली. केळीला दर झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश धरलं. शीटने निमूटपणे उत्तर दिलं: युरिया ३९४.६५ ग्रॅम, बारा-बत्तीस-सोळा उणे १००० ग्रॅम, दहा-सव्वीस-सव्वीस १३८४.६२ ग्रॅम.

झाडाच्या बुंध्यातून एक किलो खत काढून घ्या, असं हे उत्तर म्हणतं. ताळा केला तर तोही चोख जुळतो, कारण समीकरणाला खताचं वजन उणे नसतं हे माहीत नाही. ते आपण ओळखायचं.

कारण समजायला स्फुरद आणि पालाश यांचं आपसातलं प्रमाण पाहा. बारा-बत्तीस-सोळामध्ये पालाशाच्या दुप्पट स्फुरद आहे. दहा-सव्वीस-सव्वीसमध्ये दोन्ही सारखी. युरियात दोन्ही नाहीत. तर या तिघांच्या मिश्रणात स्फुरद पालाशाच्या बरोबरीपासून दुपटीपर्यंतच असू शकतं. गव्हाची गरज २४ ला १६, म्हणजे दीडपट, मधोमध बसली. कांद्याची गरज बरोबरीची, म्हणजे नेमकी कडेवर, म्हणून एक खत शून्यावर आलं. केळीला स्फुरद पालाशाच्या पाचव्या हिश्शाएवढंच हवं. ते या पट्ट्याच्या पार बाहेर पडतं, आणि तिथे पोचायला गणिताला उणे खत वापरावं लागतं.

उपाय सूत्रात नाही, दुकानात आहे. C स्तंभात बारा-बत्तीस-सोळाऐवजी म्युरेट ऑफ पोटॅश घ्या, म्हणजे ०, ०, ०.६०. त्याच सूत्राने आता युरिया ४०१.३४, पोटॅश २६६.६७ आणि दहा-सव्वीस-सव्वीस १५३.८५ ग्रॅम येतं. तिन्ही धन आहेत आणि तिन्ही मोजून देता येतील.

उत्तर नसतं तेव्हा, आणि डळमळतं तेव्हा

उणे उत्तर निदान दिसतं तरी. कधी #NUM! येतं. दुकानात युरिया, डीएपी आणि वीस-वीस-शून्य एवढंच असेल तर पालाशाची सगळी ओळ शून्य होते. पालाश द्यायला काहीच नसताना ते कसं द्यायचं, याला उत्तर नाही. उलटं कोष्टकच अस्तित्वात नाही, आणि #NUM! तेच सांगतं.

युरियासोबत पंधरा-पंधरा-पंधरा आणि एकोणीस-एकोणीस-एकोणीस घेतलं तर हे इतकं उघड दिसत नाही. नावं वेगळी, दर वेगळे, पण दोन्हींत स्फुरद आणि पालाश सारखंच. एक दुसऱ्याची दाट आवृत्ती. त्यामुळे स्फुरदाची आणि पालाशाची ओळ आकड्याला आकडा एकच येते. तीन गोण्या घेतल्या तरी गणिताच्या दृष्टीने हाती दोनच आहेत. गव्हाची दीडपट गरज यातून कधीच भागणार नाही.

संगणक दशांश अपूर्णांक नेहमी तंतोतंत साठवू शकत नाही, म्हणून कधी कधी असं कोष्टक #NUM! ऐवजी अवाढव्य उत्तरं देतं. व्यस्तात कोट्यवधींच्याही पुढचे आकडे दिसले तर ते खतांचे नाहीत, शून्याच्या अगदी जवळच्या कशाने तरी भागल्याचे आहेत, असं समजावं.

यांच्या मधली अवस्था जास्त फसवी. युरियासोबत बारा-बत्तीस-सोळा आणि चौदा-पस्तीस-चौदा अशी जोडी घेऊ. एकात स्फुरद पालाशाच्या दुप्पट, दुसऱ्यात अडीचपट. वेगळी आहेत, पण फार नाही. स्फुरद २४ आणि पालाश ११ किलो हवं असेल तर बारा-बत्तीस-सोळा ४३.७५ किलो आणि चौदा-पस्तीस-चौदा २८.५७ किलो. पालाश ११ ऐवजी १० करा. आता पहिलं १२.५ किलोवर येतं आणि दुसरं ५७.१४ किलोवर जातं. गरज एका किलोने हलली आणि गोण्यांचं माप तीस-तीस किलोंनी हललं.

पहिल्या जोडीत पालाश एक किलोने बदललं तर बारा-बत्तीस-सोळा सव्वासहा किलोच हलत होतं. इथे त्याच्या पाचपट. ही धोक्याची खूण उलट्या कोष्टकात आधीच दिसते: पालाशाच्या स्तंभात ६ आणि ७ च्या जागी ३१.२५ आणि उणे २८.५७. माती परीक्षणाचे आकडे काही किलोंच्या काटेकोरपणाने आलेले नसतात. अशा वेळी व्यस्तातले आकडे मोठे असतील तर उत्तर दशांशापर्यंत दिसलं तरी त्यावर तेवढा भरवसा ठेवू नये. आपसात जास्त फरक असलेली खतं निवडावीत.

शेतात उतरताना

८४.६२ किलो युरिया एकदम टाकायचा नसतो. गव्हाला निम्मं नत्र पेरणीवेळी आणि निम्मं साधारण तीन आठवड्यांनी देतात. पेरणीच्या २४ किलो नत्रापैकी ९.०८ किलो दोन मिश्रखतांतूनच येतं. उरलेल्या १४.९२ किलोसाठी ३२.४४ किलो युरिया, आणि पुढच्या २४ किलोसाठी ५२.१७ किलो. शीटने एकूण आकडा दिला, त्याची वाटणी आपण केली. पूर्णांकात आणायचं तेही याच टप्प्यावर. मधल्या पायरीत, उलट्या कोष्टकाच्या आकड्यांत, काटछाट करू नये. एका स्थळाची काटछाट पुढे गुणाकारात वाढत जाते.

ही पद्धत तीन अज्ञातांना तीन समीकरणं असतील तेव्हाच चालते. दुकानात चार खतं असतील आणि त्यातलं सर्वांत स्वस्त मिश्रण हवं असेल, तर MINVERSE उपयोगाचं नाही. ते चौकोनी कोष्टकच घेतं, आणि दराबद्दल त्याला काहीच कळत नाही. तो प्रश्न वेगळा आणि त्याची साधनंही वेगळी.

या खरिपाआधी मामांचा पुन्हा फोन आला. दुकानातून नव्हे, घरून. म्हणाले, "मित्राला सांगितलं, केळीसाठी बारा-बत्तीस-सोळा आणू नको. त्यात पालाशाच्या दुप्पट स्फुरद, आपल्याला हवं पाचवा हिस्सा. शीट उणे दाखवील." शीट त्यांनी उघडलीही नव्हती. गोणीवरचे दोन आकडे पाहून ते हे म्हणाले होते, आणि ते बरोबर होतं.